हेक्स, ऑक्टल आणि गेटच्या प्रश्नात उत्तर पुन्हा पुन्हा चुकतंय? डावीकडची शून्यं तपासा

तक्रार दर सेमिस्टरला तीच असते. बी.एस्सी. आयटीचं पहिलं वर्ष असो, डिप्लोमा असो की इंजिनिअरिंगचं तिसरं सेमिस्टर, दादरला माझ्याकडे येणारी मुलं क्विझचा स्क्रीनशॉट दाखवतात आणि म्हणतात, "सर, कन्व्हर्जन येतं, ट्रुथ टेबल पाठ आहेत, तरी दोन्ही एकत्र आलं की उत्तर चुकतं. कधी बरोबर येतं, कधी नाही." शेवटचं वाक्य महत्त्वाचं आहे. दर वेळी चुकणारी गोष्ट शोधायला सोपी असते. अधूनमधून चुकणारीचं कारण मात्र पद्धतीत दडलेलं असतं आणि काही प्रश्नांत ते उघडं पडत नाही, इतकंच.

खालचा प्रश्न मी मुद्दाम तयार केला आहे. चार पर्यायांपैकी तीन चुकीचे, आणि त्यातला प्रत्येक एका ठरावीक चुकीतून येतो. म्हणजे तुमचं उत्तर कोणतं आलं यावरून रोग कुठे आहे ते कळतं. पुढे वाचण्याआधी कागदावर सोडवून बघा, कॅल्क्युलेटर न घेता.

```
8-bit circuit:
A = 3A (hex)   B = 56 (octal)   C = 1011001 (binary)
P = A NAND B
Y = P XOR C
Y = ? (octal)

(a) 114   (b) 214   (c) 230   (d) 430
```

बरोबर उत्तर कसं येतं

पहिलं काम म्हणजे तिन्ही इनपुट बायनरीत आणि एकाच लांबीत लिहिणं. सर्किट ८ बिटचं आहे, म्हणून प्रत्येक ओळीत ८ अंक, कमी नाहीत की जास्त नाहीत. हेक्सचा प्रत्येक अंक ४ बिटचा, कारण १६ म्हणजे दोनाचा चौथा घात. 3 चे 0011 आणि A चे 1010, म्हणून 3A म्हणजे 00111010. ऑक्टलचा प्रत्येक अंक ३ बिटचा. 5 चे 101, 6 चे 110. हे झाले सहाच बिट, म्हणून डावीकडे दोन शून्यं लावायची: 00101110. C सात अंकी दिला आहे, त्याला एक शून्य लागतं: 01011001.

आता एकाखाली एक मांडा. चौकटीच्या वहीत एका चौकटीत एक बिट लिहिला तर उत्तम, कारण बिट सरकण्याची चूक तिथेच थांबते.

```
A          0 0 1 1 1 0 1 0
B          0 0 1 0 1 1 1 0
A AND B    0 0 1 0 1 0 1 0
P (NAND)   1 1 0 1 0 1 0 1
C          0 1 0 1 1 0 0 1
Y (XOR)    1 0 0 0 1 1 0 0
```

नँड एका फटक्यात लिहू नका. आधी अँडची ओळ, मग ती उलटी. एक ओळ जास्त लिहावी लागते, पण पुढे चूक शोधताना ही ओळच कामाला येते.

Y म्हणजे 10001100. ऑक्टलसाठी उजवीकडून तीन-तीनचे गट: 100, मग 001, मग उरले 10. उरलेल्याला डावीकडे एक शून्य देऊन 010. वाचा: 214. पर्याय (b).

दशमानातून पडताळा घ्यायचा तर 2×64 + 1×8 + 4 म्हणजे 140. तिकडे हेक्समध्ये हेच 8C, म्हणजे 8×16 + 12, तेही 140. जुळलं.

430 आलं असेल तर

हा सगळ्यात सोपा रोग. बिट बरोबर आले, पण गट डावीकडून पाडले: 100, 011, 00. वाचलं 430. आपण डावीकडून लिहितो आणि वाचतोही डावीकडून, त्यामुळे हात आपोआप तिकडून सुरू होतो. हेक्सची सवय असलेल्या मुलांना ही चूक जास्त छळते, कारण ८ बिटांत चार-चारचे दोन गट बरोबर बसतात. डावीकडून पाडा की उजवीकडून, उत्तर तेच. तीन मात्र आठाला भागत नाही. १९६५ साली आलेल्या पीडीपी-८ या संगणकाचा शब्द १२ बिटचा होता, त्यात ऑक्टलचे चार अंक नेमके बसत. आपल्या ८ बिटांत पहिल्या ऑक्टल अंकाच्या वाट्याला फक्त दोन बिट येतात.

यातूनच एक झटपट कसोटी मिळते. दोन बिटांत 3 पेक्षा मोठा अंक मावत नाही. म्हणून ८ बिटच्या आउटपुटचं ऑक्टल उत्तर 377 च्या वर जाऊच शकत नाही. 430 हा पर्याय प्रश्न न सोडवताही खोडता येतो. दुसरी कसोटी शेवटच्या अंकाची. हेक्सचा शेवटचा अंक आणि ऑक्टलचा शेवटचा अंक यांच्यात शेवटचे तीन बिट सामाईक असतात. 8C मधला शेवटचा अंक C म्हणजे 12, त्यातून 8 वजा केले की 4, म्हणून ऑक्टल उत्तर 4 वरच संपायला हवं. हेक्सचा शेवटचा अंक 7 किंवा त्याहून लहान असेल तर तो ऑक्टलमध्ये जसाच्या तसा येतो. ही कसोटी गट डावीकडून पाडल्याची चूक बऱ्याचदा पकडते, पण डाव्या टोकाला काय बिघडलंय ते तिला दिसत नाही. 114 सुद्धा 4 वरच संपतो, बघा.

114 आलं असेल तर

"कधी येतं, कधी नाही" या तक्रारीचं मूळ इथे आहे.

114 निवडणाऱ्या मुलाची वही अशी दिसते. A चे 111010, B चे 101110. पुढची शून्यं लिहिलेली नाहीत, कारण लहानपणापासून आपण 007 ला 7 म्हणतो आणि त्यात काही चुकत नाही. अँड केलं, 101010. उलटं केलं, 010101. मग C सात अंकी, म्हणून उजवीकडे जुळवून एक्स-ऑर केलं आणि 1001100 आलं. गट बरोबर उजवीकडून पाडले: 100, 001, 1. उत्तर 114. प्रत्येक पायरी नियमाप्रमाणे केलेली, आणि तरी उत्तर चूक.

घोळ नँडच्या ओळीत झाला. A आणि B या दोघांच्या डावीकडे दोन-दोन शून्यं होती. ती लिहिली नव्हती, पण सर्किटमध्ये ती होतीच. नँडचा नियम असा की इनपुटपैकी एक जरी 0 असेल तरी आउटपुट 1. म्हणजे डावीकडची दोन शून्यं नँडमधून बाहेर पडताना दोन एक झाली. वहीत ती कधी आलीच नाहीत, त्यामुळे P चा खरा आकडा 11010101 असताना वहीत 010101 राहिला. हेक्समध्ये सांगायचं तर D5 च्या जागी 15.

मुंबईकराला हे गाडीच्या भाषेत सांगतो. बारा डब्यांच्या लोकलचे पहिले दोन डबे रिकामे असले म्हणून ती दहा डब्यांची होत नाही. बारा डबे प्लॅटफॉर्मला लागणारच, आणि पुढच्या स्टेशनला त्याच रिकाम्या डब्यांत गर्दी चढू शकते.

आता चूक अधूनमधूनच का होते ते बघू. अँड, ऑर आणि एक्स-ऑर या तीन गेटना दोन्ही इनपुट 0 दिले तर आउटपुट 0 येतं. म्हणजे डावीकडची शून्यं शून्यंच राहतात आणि ती गाळली तरी उत्तर बिघडत नाही. नॉट, नँड, नॉर आणि एक्स-नॉर ही चार गेटं, म्हणजे ज्यांच्या आउटपुटला बबल असतो ती, शून्यांचे एक करतात. सर्किटमध्ये बबल नसेल तर शून्यं गाळणारा मुलगाही पैकीच्या पैकी मार्क घेऊन जातो. त्याला आपली पद्धत बरोबर वाटते.

आणखी गंमत म्हणजे काही सर्किटमध्ये बबल असूनही चूक झाकली जाते. नँड-नँड सर्किट घ्या, क्विझवाल्यांचं आवडतं. दोन नँडची आउटपुटं तिसऱ्या नँडला दिली की शेवटी अँड-ऑर तयार होतं. पहिल्या नँडने शून्याचा एक केला, दुसऱ्याने त्या एकाचा पुन्हा शून्य केला. A = 3A, B = 2E, C = 15, D = 0F, सगळे हेक्स, असं घेतलं तर A·B म्हणजे 2A, C·D म्हणजे 05, आणि दोघांचं ऑर 2F. सहा बिटांत सोडवा की आठ बिटांत, 2F च येतं. अशी दोन-चार उदाहरणं बरोबर आली की सवय पक्की होते. मग एकच बबल असलेला प्रश्न आला की दणका बसतो, आणि मुलं गेटचं ट्रुथ टेबल पुन्हा पाठ करायला बसतात. तिथे काहीच बिघडलेलं नसतं.

ही चूक ओळखायची कसोटी सोपी आहे. बबलवाल्या गेटच्या आउटपुटच्या डाव्या टोकाकडे बघा. 3A हा 40 पेक्षा लहान, म्हणून ८ बिटांत त्याचे वरचे दोन बिट शून्य. नँडच्या आउटपुटमध्ये ते दोन बिट 1 असायलाच हवेत, म्हणजे P निदान C0 तरी असला पाहिजे. तुमचा P जर 15 आला असेल तर पुढे जाण्यात अर्थ नाही. नॉटसाठी याहून सोपं: ८ बिटांत मूळ संख्या आणि तिची उलट यांची बेरीज नेहमी FF येते. 2A आणि D5, बेरीज FF.

230 आलं असेल तर

इथे बिटांची लांबी बरोबर, गटही बरोबर, पण नँड वाचताना बार तोडला गेला. A·B वरचा अखंड बार म्हणजे आधी अँड, मग उलट. त्याऐवजी A उलटा केला (11000101), B उलटा केला (11010001) आणि मग अँड केलं तर 11000001 येतं. C शी एक्स-ऑर केल्यावर 10011000, म्हणजे ऑक्टल 230. डी मॉर्गनचा नियम आठवा: दोन्ही उलटे करून अँड केलं की ते नॉर होतं. म्हणजे हा पर्याय निवडणाऱ्याने नकळत नँडच्या जागी नॉर बसवलं.

आकृती समोर असताना ही चूक क्वचित होते, कारण बबल गेटच्या नाकावर दिसतो. समीकरण बघून सोडवताना ती होते, विशेषतः फोनच्या बारीक स्क्रीनवर. दोन अक्षरांवरचे दोन तुटक बार आणि एक अखंड बार यांत गाडीत उभ्याने फरक कळत नाही. शंका असेल तर स्क्रीन मोठी करून बार कुठे संपतो तेवढं बघा. पर्यायांत नँडचं आणि नॉरचं अशी दोन्ही उत्तरं असतील तर प्रश्न काढणाऱ्याने सापळा इथेच लावला आहे, हे नक्की.

याच घरातली दुसरी गोष्ट म्हणजे तीन इनपुटचं नँड. अँडच्या बाबतीत दोन इनपुटची दोन गेटं एकापुढे एक जोडली की तीन इनपुटचं अँड मिळतं. नँडला हे चालत नाही. तीन इनपुटला 0, 0, 1 दिलं तर तीन इनपुटचं नँड 1 देतं. पण दोन इनपुटची नँड गेटं एकापुढे एक जोडली तर पहिलं 0, 0 वरून 1 देतं, दुसऱ्याला 1 आणि 1 मिळतात आणि आउटपुट 0 येतं. म्हणून आकृतीत प्रत्येक गेटच्या आउटपुट वायरवर P, Q, R अशी नावं घाला आणि एका वेळी एकच वायर सोडवा. तीन गेटचं समीकरण एकदम डोक्यात जुळवायला गेलात की बार सटकतो.

पर्यायांत नसलेलं 264 आलं असेल तर B कडे बघा. तुम्ही 56 ला हेक्स समजलात. शेजारी हेक्स असलं की डोळा पुढचा आकडाही हेक्सच वाचतो.

मधली शून्यं आणि टिंबानंतरची शून्यं

आतापर्यंत डावीकडच्या शून्यांबद्दल बोललो. मधल्या शून्यांना तर कुठल्याच परिस्थितीत हात लावायचा नाही. हेक्स 305 ऑक्टलमध्ये करायला दिलं की वहीत हमखास 11, 0, 101 असं दिसतं, म्हणजे 110101, आणि उत्तर 65. प्रत्येक हेक्स अंकाचे चार बिट पूर्ण लिहिले असते तर 0011 0000 0101, तीन-तीनचे गट 001 100 000 101, उत्तर 1405. पडताळा: 3×256 + 5 म्हणजे 773, आणि 512 + 4×64 + 5 सुद्धा 773. सगळ्यात पहिल्या अंकाची डावीकडची शून्यं कन्व्हर्जनमध्ये गाळली तर चालतात. आतल्या अंकांची गाळली की पुढचे सगळे बिट सरकतात. इथली कसोटी अंक मोजण्याची आहे: ऑक्टल उत्तरात हेक्सपेक्षा कमी अंक कधीच येत नाहीत. तीन अंकी हेक्समधून दोन अंकी 65 निघालं तर कुठेतरी बिट सांडले आहेत.

टिंबानंतर दिशा उलटते. 2B.6 हेक्सचं ऑक्टल करा. पूर्णांक भाग 0010 1011, उजवीकडून गट, 53. अपूर्णांक भाग 0110. इथे गट टिंबापासून उजवीकडे पाडायचे: 011, मग उरला 0, त्याला उजवीकडे दोन शून्यं. म्हणजे 011 000, म्हणजे .30, म्हणजे .3. उत्तर 53.3. सवयीने उजवीकडून पाडलं तर 0 आणि 110, म्हणजे .06, आणि ते साफ चुकतं. 6 भागिले 16 आणि 3 भागिले 8 दोन्ही 0.375. ऑक्टल .06 म्हणजे 6 भागिले 64, एक दशांशही भरत नाही. एकच लक्षात ठेवा: दोन्ही बाजूंना मोजणी टिंबापासून सुरू होते आणि जोडशून्यं टिंबापासून लांबच्या टोकाला लागतात.

हेक्समधून दशमानात आणि मग भागाकार करत ऑक्टलमध्ये जाणं चुकीचं नाही, पण लांबचं आहे आणि बाकी खालून वर वाचायला विसरायची नवी जोखीम घेऊन येतं. दशमानाचा वापर पडताळ्यापुरता करा.

पडताळा मशिनवर घेताना

कॅल्क्युलेटर किंवा पायथनवर तपासलं की काही मुलं आणखी गोंधळतात, कारण मशिनलाही लांबी सांगावी लागते. सायंटिफिक कॅल्क्युलेटरच्या बेस मोडमध्ये 2A चं नॉट घेतलं तर बऱ्याच मॉडेलवर FFFFFFD5 दिसतं. ते ३२ बिटांतलं उत्तर आहे. तुमचं सर्किट ८ बिटचं, म्हणून शेवटचे दोन हेक्स अंक घ्या, D5. हे हेक्समध्येच करा. ऑक्टलमध्ये शेवटचे तीन अंक घेतले तर ९ बिट येतात आणि पहिला अंक फसवतो. विंडोजच्या कॅल्क्युलेटरमध्ये प्रोग्रामर मोड घेऊन QWORD च्या जागी BYTE निवडा. मग उत्तर सरळ D5 येतं, फक्त दशमानाच्या ओळीत -43 दिसेल. तिथे पहिला बिट चिन्ह म्हणून वाचला जातो, त्याकडे दुर्लक्ष करा.

पायथनमध्ये पूर्णांकाला ठरावीक लांबीच नसते, म्हणून नॉटनंतर 0xFF शी अँड करून ८ बिट कापून घ्यावे लागतात.

```
A, B, C = 0x3A, 0o56, 0b1011001
print(oct(~(A & B) ^ C))            # -0o164
print(oct((~(A & B) & 0xFF) ^ C))   # 0o214
```

पहिल्या ओळीचं ऋण उत्तर बघून "पायथन चुकतं" असं म्हणणारे भेटतात. पायथनने डावीकडे न संपणारे एक धरले, बस. आणि सी भाषेत तपासत असाल तर 056 मधलं पुढचं शून्य ऑक्टलची खूण आहे. तिथे 56 लिहिलंत तर ते दशमान होईल.

प्रॅक्टिकलला हेच सर्किट ब्रेडबोर्डवर लावलं तर हीच शून्यं वायरच्या रूपात समोर येतात. एका 7400 मध्ये चार नँड आणि एका 7486 मध्ये चार एक्स-ऑर असतात, म्हणून ८ बिटसाठी दोन्ही दोन-दोन लागतील. C सात अंकी आहे म्हणून आठव्या बिटची वायर मोकळी सोडली तर काय होईल? टीटीएल जातीच्या आयसीमध्ये मोकळं इनपुट सहसा 1 सारखं वागतं. C चा 01011001 ऐवजी 11011001 होतो आणि एलईडीवर 10001100 ऐवजी 00001100 दिसतं, म्हणजे ऑक्टल 014. लॅमिंग्टन रोडवरून आयसी आणताना 74LS च्या जागी 74HC मिळाली असेल तर आणखी पंचाईत. ती सीमॉस आहे, तिचं मोकळं इनपुट कधी 0 तर कधी 1 वाचलं जातं आणि बोट जवळ नेलं तरी एलईडी बदलू शकतो. शून्य म्हणजे "काही नाही" असं समजून वायर सोडायची नाही, ती ग्राउंडला जोडायची.

राहिला एक प्रश्न जो मुलं हमखास विचारतात: क्विझमध्ये किती बिट ते दिलंच नसेल तर? बबल नसलेल्या सर्किटला फरक पडत नाही, सोडून द्या. बबल असेल तर इनपुट कसे लिहिले आहेत ते बघा. दोन हेक्स अंक म्हणजे ८ बिट, आणि प्रश्न काढणाऱ्याने 0F असं शून्यासकट लिहिलं असेल तर त्याने ८ बिटच धरले आहेत. बायनरी इनपुट वेगवेगळ्या लांबीचे असतील तर सर्वांत लांब इनपुट धरा. फक्त ऑक्टल दिलं असेल तर मात्र अडचण आहे. 56 म्हणजे ६ बिट की ८, हे प्रश्नावरून ठरत नाही. ६ बिटांत 56 चं नॉट 21 येतं आणि ८ बिटांत 321. पर्यायांत दोन्ही दिसले तर प्रश्नच अपुरा आहे. पेपरवर "६ बिट धरून" असं लिहून उत्तर द्या, ऑनलाइन असेल तर स्क्रीनशॉट घेऊन शिक्षकांना दाखवा.